मागची बॉडी किती झाकली गेली पाहिजे? हरामी, पिअर्सिंग लाइन आणि डार्क क्लाउड कव्हर ओळखताना

वाचकांकडून येणाऱ्या चार्टच्या फोटोंमध्ये एक प्रश्न हटकून असतो. दोन कँडल्सभोवती लाल गोल काढलेला असतो आणि खाली लिहिलेलं असतं, ‘आजची हिरवी कँडल कालच्या लाल कँडलमध्ये निम्म्याच्या आसपास गेली आहे. ही पिअर्सिंग समजू का हरामी? आणि निम्मं म्हणजे नेमकं कुठून मोजायचं?’ कुणी सावलीसकट उंची मोजतो, कुणी हरामीलाही पन्नास टक्क्यांचा नियम लावतो, तर कुणी नुसत्या नजरेने ‘झालं अर्धं’ म्हणून खरेदी करून मोकळा होतो. या लेखात फक्त एवढंच पाहू: या तीन रचनांमध्ये मागच्या कँडलची बॉडी किती झाकली गेली पाहिजे, ते मोजायचं कसं, आणि मोजून झाल्यावर करायचं काय.

टक्केवारीच्या आधी ओपन बघा

कँडलचं ओपन आणि क्लोज यांच्यामधला जाड भाग म्हणजे बॉडी. वर-खाली निघालेल्या बारीक रेघा म्हणजे शॅडो. या तिन्ही रचनांमध्ये झाकलं जाणं मोजायचं ते बॉडीचं. शॅडो त्या हिशेबात धरायची नाही. निम्मा घोटाळा इथेच मिटतो.

उरलेला निम्मा घोटाळा मिटवण्यासाठी दुसऱ्या दिवशी भाव कुठे उघडला ते बघा. टक्केवारी नंतर.

- भाव मागच्या बॉडीच्या बाहेर, चालू कलाच्या दिशेने उघडला आणि दिवसअखेर उलटा फिरून बॉडीच्या आत बंद झाला, तर प्रश्न पिअर्सिंगचा किंवा डार्क क्लाउडचा आहे. घसरणीनंतर खाली उघडून वर आला तर पिअर्सिंग. तेजीनंतर वर उघडून खाली आला तर डार्क क्लाउड.
- भाव मागच्या बॉडीच्या आतच उघडला आणि आतच बंद झाला, तर ती हरामी. पन्नास टक्क्यांचा नियम इथे लागू नाही.
- भाव बाहेर उघडून मागची पूर्ण बॉडी ओलांडून पलीकडे बंद झाला, तर ती एंगल्फिंग. तिचा विचार वेगळा करावा लागतो.

म्हणजे फोटोतल्या त्या हिरव्या कँडलचं ओपन कालच्या क्लोजच्या वर असेल, तर ती निम्म्यापर्यंत गेली काय किंवा पाऊण गेली काय, पिअर्सिंग होत नाही.

जुन्या व्याख्येनुसार पिअर्सिंगमध्ये दुसऱ्या दिवसाचं ओपन मागच्या दिवसाच्या नीचांकाच्याही खाली हवं आणि डार्क क्लाउडमध्ये उच्चांकाच्याही वर. आजचे बरेच अभ्यासक शेअर्सच्या बाबतीत मागच्या क्लोजच्या पलीकडे ओपन झालं तरी चालवून घेतात. मीही घेतो, पण शॅडोच्याही पलीकडे उघडलेली रचना जास्त वजनाची मानतो. कारण त्या दिवशी सकाळी एका बाजूला पूर्ण विजय मिळाल्यासारखा दिसत होता आणि संध्याकाळपर्यंत तो हातातून निसटला होता.

डार्क क्लाउड कव्हर: एक उदाहरण आकड्यांनिशी

समजा, आठ-दहा दिवस वर चढत आलेला एक शेअर आहे. पहिल्या दिवशी तो 400 ला उघडला, 424 पर्यंत गेला, 398 पर्यंत खाली आला आणि 420 ला बंद झाला. बॉडी 400 ते 420, म्हणजे 20 रुपयांची. तिचा मध्यबिंदू 410. (398 ते 424 या पूर्ण पट्ट्याचा मध्य 411 येतो. तो इथे कामाचा नाही.)

दुसऱ्या दिवशी भाव 426 ला उघडला. कालच्या 424 च्या उच्चांकाच्याही वर. आता दिवसअखेर काय होतं त्यावर सगळं अवलंबून आहे.

- 412 ला बंद झाला: 420 वरून 8 रुपये आत, म्हणजे 40 टक्के. मध्यबिंदू ओलांडलेला नाही.
- 408 ला बंद झाला: 12 रुपये आत, म्हणजे 60 टक्के. हा डार्क क्लाउड कव्हर.
- 398 ला बंद झाला: मागची पूर्ण बॉडी गिळली. ही मंदीची एंगल्फिंग.

मध्यबिंदूच का? कालच्या चढात ज्यांनी 410 च्या वर खरेदी केली, ते सगळे 408 च्या क्लोजला तोट्यात आहेत. आज सकाळी 426 ला घेणारे तर आहेतच. काल दिवसभर फायद्यात दिसणारे लोक आज संध्याकाळी ‘उद्या थोडा वर आला की सुटून जाऊ’ असा विचार करू लागतात. पुढच्या चढाला वरून विक्री येते ती यांचीच. 412 ला बंद झाल्यावर अशी अडकलेली माणसं कमी असतात, आणि खालच्या निम्म्या भागात घेणारे अजून निवांत असतात.

पन्नास टक्के हा निसर्गनियम नाही, तो व्यवहारातून आलेला निकष आहे. ही जपानी पद्धत पाश्चात्त्य वाचकांपर्यंत पोहोचवणाऱ्या स्टीव्ह निसन यांच्या ‘जपानीज कँडलस्टिक चार्टिंग टेक्निक्स’ या 1991 सालच्या पुस्तकातही डार्क क्लाउडसाठी निम्म्याची अट थोडी सैल आहे. निम्म्याच्या अलीकडे बंद झालं तर आणखी पुराव्याची वाट पाहावी, असा त्याचा रोख आहे. मी हे असं पाळतो: 40 ते 50 टक्क्यांत बंद झालेली कँडल वहीत ‘अर्धवट’ म्हणून लिहितो आणि तिसऱ्या दिवसाचा क्लोज दुसऱ्या दिवसाच्या नीचांकाखाली आला तरच तिला मान देतो. 40 टक्क्यांच्या आत असेल तर ती साधी नफावसुली समजतो.

पिअर्सिंग लाइन: इथे निम्म्याला सूट नाही

दिसायला पिअर्सिंग हे डार्क क्लाउडचं उलटं चित्र आहे, पण अट तेवढीच सैल नाही. कारण पिअर्सिंगला अगदी तिच्यासारख्या दिसणाऱ्या तीन रचना आहेत आणि त्या तिन्ही घसरण चालू राहण्याच्या मानल्या जातात. फरक फक्त आत शिरण्याच्या खोलीचा.

पहिला दिवस: ओपन 300, क्लोज 280, नीचांक 277. बॉडी 20 रुपयांची, मध्यबिंदू 290. दुसऱ्या दिवशी भाव 275 ला उघडला आणि सावरला.

- 277 च्या आसपास बंद: कालच्या नीचांकापर्यंतच पोहोचला. याला ऑन-नेक म्हणतात.
- 281 ला बंद: बॉडीत जेमतेम पाऊल टाकलं. ही इन-नेक.
- 287 ला बंद: 7 रुपये आत, 35 टक्के. ही थ्रस्टिंग. सर्वांत फसवी हीच, कारण 275 वरून 287 म्हणजे दिवसभरात 12 रुपयांची तेजी झालेली असते आणि हिरवी कँडल चांगली उंच दिसते.
- 291 ला बंद: 11 रुपये आत, 55 टक्के. ही पिअर्सिंग लाइन.

थ्रस्टिंगमध्ये झालेली तेजी बहुतेकदा शॉर्ट केलेल्यांनी नफा बांधून घेतल्याची असते. खाली गॅप मिळाला, त्यांनी खरेदी करून सौदे मिटवले, भाव वर आला. नवा खरेदीदार आला असता तर भाव मध्यबिंदूपाशी अडला नसता. म्हणून पिअर्सिंगच्या बाबतीत ‘जवळजवळ अर्धं’ हा शब्दप्रयोग वहीतून काढून टाका. 49 टक्के म्हणजे थ्रस्टिंग.

मोजणीसाठी एक्सेल किंवा गुगल शीट पुरे. `B` मध्ये ओपन, `C` मध्ये हाय, `D` मध्ये लो, `E` मध्ये क्लोज घ्या. दुसऱ्या ओळीत पहिला दिवस आणि तिसऱ्या ओळीत दुसरा दिवस लिहा. पहिलं सूत्र पिअर्सिंगचं, दुसरं डार्क क्लाउडचं:

```
=(E3-E2)/(B2-E2)
=(E2-E3)/(E2-B2)
```

उत्तर 0.5 पेक्षा जास्त आणि 1 पेक्षा कमी आलं तर खोलीची अट पूर्ण झाली. ओपनची अट मात्र तुम्ही डोळ्यांनी तपासायची आहे.

हरामी: इथे ‘झाकणं’ उलट दिशेने

आधी नावाबद्दल. कार्यशाळेत हा शब्द आला की मागच्या रांगेत खसखस पिकते आणि काही जण तो उच्चारायलाही संकोचतात. हा शब्द जपानी आहे. जुन्या जपानीत त्याचा अर्थ गर्भार असा होतो. पहिली मोठी कँडल आई आणि तिच्या बॉडीच्या आत सामावलेली छोटी बॉडी म्हणजे पोटातलं बाळ. हे चित्र मनात ठेवलंत तर नियम वेगळा पाठ करावा लागत नाही.

बाळ आईच्या आत पूर्ण असलं पाहिजे. म्हणजे दुसऱ्या कँडलचं ओपन आणि क्लोज, दोन्ही टोकं पहिल्या बॉडीच्या आत. आणि बाळ लहान असलं पाहिजे. पिअर्सिंगमध्ये आपण ‘किती जास्त झाकलं’ हे बघतो, हरामीत ‘किती कमी जागा घेतली’ हे.

किती लहान, याला सर्वमान्य आकडा नाही. मी मागच्या बॉडीच्या एक चतुर्थांशापर्यंत असेल तर चांगली हरामी मानतो, एक तृतीयांशापर्यंत चालवून घेतो. त्यापुढे मला तिच्यात अर्थ दिसत नाही. समजा, पहिल्या दिवशी भाव 500 वरून 540 वर गेला आणि दुसऱ्या दिवशी 528 ला उघडून 522 ला बंद झाला. बॉडी 6 रुपयांची, 40 च्या 15 टक्के. ही हरामी. तोच भाव 538 ला उघडून 505 ला बंद झाला असता, तर दोन्ही टोकं आत असूनही ती 33 रुपयांची मोठी लाल कँडल आहे. तिथे बाजार थबकलेला नाही, विक्रेत्यांनी दिवसभर रेटा लावलेला आहे. तिला हरामी म्हणून वाचलंत तर चुकीची गोष्ट वाचाल.

दोन शंका नेहमी येतात. रंग उलटाच हवा का? नाही, बहुधा उलटा असतो, पण ती अट नाही. शॅडो बाहेर आली तर? चालतं. हाय-लो सुद्धा आत असलाच पाहिजे ही अट ‘इनसाइड बार’ची आहे, हरामीची नाही. दुसऱ्या दिवशी डोजी आली, म्हणजे ओपन-क्लोज जवळपास एकच, तर तिला हरामी क्रॉस म्हणतात आणि ती साध्या हरामीपेक्षा गंभीरपणे घेतली जाते.

हरामीचा अर्थ पिअर्सिंगइतका ठाम नसतो. धावत्या गाडीने वेग कमी केला, एवढंच ती सांगते. गाडी वळेल, थांबेल किंवा पुन्हा त्याच रस्त्याने सुटेल. म्हणून हरामी दिसली की नवा सौदा करू नका. आधीचा सौदा असेल तर त्याचा स्टॉपलॉस जवळ आणा. नव्या सौद्यासाठी भाव मोठ्या कँडलच्या उलट्या टोकापलीकडे बंद होईपर्यंत थांबा. वरच्या उदाहरणात ते टोक 500.

माझा 598.20 चा धडा

एका शेअरमध्ये पहिल्या दिवशीची लाल बॉडी 612 ते 588 अशी 24 रुपयांची होती, मध्यबिंदू 600. दुसऱ्या दिवशी भाव 583 ला उघडला, 579 पर्यंत जाऊन फिरला. दुपारी तीननंतर तो चढत गेला. 3 वाजून 28 मिनिटांनी मोबाइलवर 601.50 दिसत होते. हिशेब केला: 13.50 भागिले 24, म्हणजे 56 टक्के. पिअर्सिंग झाली म्हणून मी त्याच भावाला घेतले.

रात्री एक्स्चेंजची भावपत्रिका उघडली तर क्लोज 598.20. आत शिरणं 42 टक्के. माझी पिअर्सिंग रातोरात थ्रस्टिंग झाली होती. चौथ्या दिवशी 579 तुटलं आणि स्टॉपलॉस लागला.

कारण साधं आहे. आपल्याकडे रोख बाजारातला क्लोज म्हणजे शेवटचा सौदा नव्हे. वर्षानुवर्षे तो शेवटच्या अर्ध्या तासातल्या, म्हणजे 3 ते 3.30 या वेळेतल्या सौद्यांच्या भारित सरासरीने काढला जात आला आहे. शेवटच्या मिनिटांत भाव झपाट्याने हलला की स्क्रीनवरचा शेवटचा भाव आणि अधिकृत क्लोज यांत फरक पडतो. निर्णय मध्यबिंदूच्या दोन-तीन रुपयांत अडकलेला असेल तेव्हा हा फरक सगळं उलटं करतो. तेव्हापासून मी दोन गोष्टी करतो: टक्केवारी रात्री अधिकृत क्लोजवर मोजतो आणि सौदा दुसऱ्या दिवशीच करतो.

आणखी कुठे फसगत होते

1. पहिली बॉडीच लहान असते. 400 रुपयांच्या शेअरची बॉडी 3 रुपयांची असेल तर निम्मं म्हणजे दीड रुपया. त्याला काही अर्थ नाही. मागच्या दहा कँडल्सच्या बॉडी बघा. पहिली कँडल त्यांत ठळकपणे मोठी असली पाहिजे.
2. मागे कलच नसतो. महिनाभर 390 ते 410 मध्ये रेंगाळणाऱ्या शेअरमध्ये रोज काहीतरी कशात तरी निम्मं शिरतं. झाकायला आधी तेजी हवी, भेदायला आधी घसरण हवी.
3. लाभांशाचा गॅप. एक्स-डिव्हिडंडच्या दिवशी 280 चा शेअर 7 रुपये लाभांशामुळे 273 ला उघडतो. चार्टवर हा पिअर्सिंगसाठी आदर्श गॅप दिसतो, पण तिथे कुणी घाबरून विकलेलं नसतं. खाली उघडलेल्या प्रत्येक कँडलसाठी ही तारीख तपासा.
4. पाच मिनिटांचा चार्ट. चालू बाजारात एका कँडलचा क्लोज आणि पुढच्या कँडलचं ओपन जवळपास एकाच भावाला असतं. बॉडीच्या बाहेर ओपन होणं तिथे क्वचितच घडतं, म्हणून खरी पिअर्सिंग किंवा डार्क क्लाउड तिथे शोधू नका. या दोन्ही रचना दैनिक चार्टच्या आहेत, जिथे मध्ये रात्र असते.

मोजून झाल्यावर काय करायचं

डार्क क्लाउड दिसला म्हणजे शॉर्ट करायचं, असं समजू नका. रोख बाजारात किरकोळ गुंतवणूकदाराला शॉर्ट सौदा त्याच दिवशी मिटवावा लागतो, आणि ही रचना तर बाजार बंद झाल्यावर पक्की होते. ती उपयोगी आहे ज्यांच्याकडे शेअर आहेत त्यांना: थोडी विक्री करा किंवा स्टॉपलॉस वर सरकवा. दोन्ही दिवसांच्या मिळून असलेल्या उच्चांकाच्या वर भाव बंद झाला तर रचना रद्द.

पिअर्सिंगमध्ये स्टॉपलॉस दोन दिवसांच्या नीचांकाखाली लागतो आणि तिथे एक अडचण येते. वरच्या उदाहरणात दुसऱ्या दिवसाचा नीचांक 273 धरा. तिसऱ्या दिवशी 292 ला घेतलं आणि स्टॉपलॉस 272.50 ठेवला, तर एका शेअरमागे जोखीम साडेएकोणीस रुपये. वर 303 ला जुना अडथळा असेल तर मिळणार अकरा रुपये. रचना बिनचूक असूनही हा सौदा चुकीचा आहे.

म्हणून थांबा. पिअर्सिंगनंतर भाव पुष्कळदा एकदा खाली येऊन जातो. 283 ला मिळाला तर जोखीम साडेदहा आणि संधी वीस रुपयांची. दोन हजारांचा तोटा सोसण्याची तयारी असेल तर 190 शेअर्स बसतात. 292 ला घेतले असते तर 102 बसले असते. 283 आलंच नाही, तर सौदा सोडून द्या.

कुणी ‘पिअर्सिंग झाली, घ्या’ असं सांगितलं तर

टेलिग्राम आणि व्हॉट्सअॅपच्या गटांवर असे संदेश दुपारी तीनलाच येऊ लागतात, म्हणजे कँडल पुरी होण्याच्या आधी. पैसे घेऊन शेअर सुचवणाऱ्याची सेबीकडे नोंदणी असावी लागते. रिसर्च अॅनालिस्टचा नोंदणी क्रमांक `INH` ने सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा `INA` ने. तो क्रमांक विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. मिळाला की सेबीच्या संकेतस्थळावरच्या यादीत नाव जुळतं का ते स्वतः बघा. नोंदणीकृत माणसाबद्दल तक्रार असेल तर ती सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर ऑनलाइन करता येते. जो क्रमांक द्यायला टाळाटाळ करतो त्याला शुल्क देऊ नका.